मशीनला १९ लाख गेले, पण खर्चात दीड लाखही दिसत नाहीत: घसाऱ्याचा हिशेब कसा समजून घ्यावा?

टर्निंगवाला

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत माझे छोटे वर्कशॉप आहे. दोन जुने लेथ, एक मिलिंग मशीन आणि चार माणसे यांच्या बळावर मी यंत्रमागाचे सुटे भाग आणि पंपांचे बुश, शाफ्ट अशी कामे करतो. गेल्या सप्टेंबरमध्ये मी पहिल्यांदाच नवे व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारे मशीन घेतले. मशीनची किंमत १८ लाख, त्यावर जीएसटी ३ लाख २४ हजार. बँकेने १५ लाखांचे कर्ज दिले आणि बाकीचे मी घातले. वाढीव वीजभार मंजूर व्हायला वेळ लागला, त्यामुळे १२ सप्टेंबरचे बिल असूनही मशीन प्रत्यक्षात २० नोव्हेंबरला सुरू झाले.

आता वर्षअखेरीचे हिशेब हातात आले आहेत. त्यात नफा ६ लाख ८० हजार दाखवला आहे आणि मशीनपोटी ‘घसारा’ म्हणून फक्त १ लाख ४२ हजार ५०० रुपये वजा केले आहेत. बँकेत ३१ मार्चला ४१ हजार रुपये होते, तेही आदल्या वर्षापेक्षा २५ हजारांनी जास्त. ज्या वर्षी मी आयुष्यातला सर्वांत मोठा खर्च केला, त्याच वर्षी मला पावणेसात लाखांचा नफा झाला, हे मला पटत नाही. माझ्या सीएंना विचारले, तर ‘नियमच तसा आहे’ एवढेच उत्तर मिळाले. नियम मी पाळीनच, पण त्यामागचे कारण मला समजून घ्यायचे आहे.

एमकॉम_शेवटचे_वर्ष

दादा, हे सोपे आहे. नवी मोटारसायकल शोरूमच्या बाहेर आली की तिची किंमत उतरते, तसेच मशीनचेही दरवर्षी बाजारमूल्य घटते. ती घट म्हणजे घसारा. तुमचे मशीन मार्चमध्ये विकले असते तर जेवढे कमी पैसे आले असते, तेवढा घसारा धरायला हवा. कायद्याने सोयीसाठी एक टक्केवारी ठरवून दिली आहे, इतकेच.

खतावणी_ताई

वरचे उत्तर अर्धे बरोबर आहे. शेवटी हाती उरणाऱ्या किमतीचा विचार घसाऱ्यात करावाच लागतो, पण दरवर्षीचा घसारा बाजारभावावरून ठरत नाही. तसे असते तर एखाद्या वर्षी जुन्या मशीनला मागणी वाढून भाव चढला, त्या वर्षी घसारा धरावाच लागला नसता. मशीन मात्र त्याही वर्षी चाललेच असते.

टर्निंगवाले दादा, मी वीस-बावीस वर्षे वर्कशॉपवाल्यांची आणि यंत्रमागवाल्यांची खाती लिहिते आहे, आणि हा प्रश्न दर एप्रिल-मेमध्ये माझ्यासमोर येतो. तुमचे उत्तर तुमच्याच जुन्या लेथमध्ये आहे. त्याचा बेड चकच्या बाजूला वीतभर अंतरावर जास्त झिजला असेल, कारण बहुतेक लहान कामे तिथेच होतात. नीट पाहा आणि सांगा.

टर्निंगवाला

अगदी खरे आहे, ताई. चकच्या जवळ बेड इतका खाल्ला गेला आहे की लांब शाफ्ट वळवला तर मायक्रोमीटर दोन टोकांना वेगवेगळे माप दाखवतो. टेपर काढण्यासाठी कामगाराला दोनदा पास घ्यावा लागतो. हा लेथ माझ्या वडिलांनी घेतला होता.

खतावणी_ताई

तो बेड एका दिवसात झिजला नाही. वडिलांच्या काळापासून आजपर्यंत जेवढे शाफ्ट वळवले, त्यातल्या प्रत्येकाने तो बेड किंचित खाल्ला. म्हणजे लेथचा थोडा थोडा भाग प्रत्येक कामाबरोबर गिऱ्हाइकाकडे गेला. घासणे आणि घसारा हे शब्द एकाच मुळातले आहेत.

आता हिशेबाकडे येऊ. वर्षाचा नफा म्हणजे त्या वर्षी केलेल्या कामाचे उत्पन्न, वजा ते काम करण्यासाठी जे काही संपले ते. कामगारांची मजुरी त्या वर्षी संपली, वीज संपली, कटिंग ऑईल संपले. मशीन मात्र संपले नाही. ३१ मार्चच्या संध्याकाळी ते तुमच्या शेडमध्ये जवळजवळ जसेच्या तसे उभे होते आणि पुढची कितीतरी वर्षे काम देणार होते. १९ लाखांपैकी या वर्षीच्या कामाने जेवढा भाग खाल्ला, तेवढाच या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होतो. उरलेला भाग पुढच्या कामांचा आहे, म्हणून तो ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसून राहतो आणि वर्षामागून वर्षे थोडा थोडा खर्चात येतो.

हे न करता सगळे १९ लाख याच वर्षी खर्चात टाकले असते, तर काय झाले असते ते पाहा. या वर्षी सुमारे पावणेअकरा लाखांचा तोटा दिसला असता, जो तुम्हाला प्रत्यक्षात झालेला नाही. पुढची नऊ-दहा वर्षे मशीन जणू फुकट मिळाले आहे असा फुगलेला नफा दिसत राहिला असता, आणि तोही खरा नसता.

मागवाला

ताई, मध्येच विचारतो, माफ करा. आमचा पूर्व भागात टॉवेलचा कारखाना आहे. मागच्या वर्षी एका मागाची मोटर जळाली आणि डॉबीचे काम काढावे लागले. दोन्ही मिळून ४६ हजार गेले. हा घसारा धरायचा का, आणि किती वर्षे पसरायचा? तसेच मी एक जुना वाइंडिंग मशीन १ लाख १० हजारांना रोखीने घेतला आहे.

खतावणी_ताई

दादा, तुमचा प्रश्न घसाऱ्याचा नाही. मोटर बदलून माग पूर्वीसारखा चालू झाला, त्याची ताकद किंवा आयुष्य वाढले नाही, म्हणून ती दुरुस्ती आहे आणि ती त्याच वर्षी पूर्ण खर्चात जाते. त्याच मागाचे आयुष्य किंवा उत्पादन लक्षणीय वाढेल असे मोठे काम केले असते, तर ते मालमत्तेत धरून पसरावे लागले असते.

रोखीने घेतलेल्या मशीनची मात्र मला काळजी वाटते. आयकराच्या नियमाप्रमाणे एका माणसाला एका दिवसात १० हजार रुपयांहून जास्त रक्कम रोखीने दिली असेल, तर ती मालमत्तेच्या किमतीत धरली जात नाही. त्या रकमेवर करासाठी घसारा कधीच मिळणार नाही. पुढच्या वेळी बँकेतून द्या.

मागवाला

मी सगळी रक्कम एकाच दिवशी दिली होती. हे आधी कुणी सांगितले असते तर बरे झाले असते. लिहून ठेवतो.

टर्निंगवाला

ताई, पसरण्याचे कारण समजले. पण माझ्या तीन शंका अजून आहेत. मी एकूण २१ लाखांवर दिले, मग हिशेबात १९ लाखच का? वर्षाला १५ टक्के दर आहे असे ऐकतो, मग १९ लाखांवर २ लाख ८५ हजार का नाहीत? आणि बँकेला मी डिसेंबरपासून दरमहा ३२ हजार २४० रुपयांचा हप्ता देतो, तो कुठे गेला?

खतावणी_ताई

एकेक घेऊ. ३ लाख २४ हजारांचा जीएसटी तुम्ही तुमच्या विक्रीवरच्या करातून वळता करून घेतला आहे. जी रक्कम परत मिळाली तो तुमचा खर्चच नाही, म्हणून ती मशीनच्या किमतीत येत नाही. काही जण जीएसटीची वजावटही घेतात आणि तीच रक्कम किमतीत धरून त्यावर घसाराही घेतात. दोन्ही घेता येत नाही.

उलट, मशीन चालू अवस्थेत येईपर्यंत जे काही लागले ते किमतीत धरले जाते. तुमच्या कागदांत वाहतूक आणि क्रेन २२ हजार, फाउंडेशन आणि वायरिंग ४८ हजार असावेत, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून २० नोव्हेंबरपर्यंतचे कर्जावरचे व्याज ३० हजारांच्या आसपास. हे सगळे १८ लाखांत मिळवले की १९ लाख होतात. मशीन चालू झाल्यानंतरचे व्याज मात्र किमतीत जात नाही, ते त्या त्या वर्षीचा खर्च असते.

दुसरी शंका. आयकरात सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५ टक्के दर आहे, पण विकत घेतलेल्या वर्षी मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले तर निम्मा दर मिळतो. दिवस मोजताना बिलाची तारीख चालत नाही, मशीन कामाला लागल्याची तारीख धरतात. १२ सप्टेंबरपासून मोजले तर २०१ दिवस होतात आणि पूर्ण दर मिळाला असता. २० नोव्हेंबरपासून मोजले तर १३२ दिवस. म्हणून १९ लाखांवर साडेसात टक्के, म्हणजे १ लाख ४२ हजार ५००. वीजभार वेळेत मिळून मशीन ३ ऑक्टोबरपर्यंत कामाला लागले असते, तर याच वर्षी दुप्पट वजावट मिळाली असती. पण जी या वर्षी मिळाली नाही ती बुडालेली नाही. शिल्लक १७ लाख ५७ हजार ५०० वर पुढच्या वर्षी पूर्ण १५ टक्के, म्हणजे २ लाख ६३ हजार ६२५ मिळतील, आणि त्यानंतर दरवर्षी उरलेल्या रकमेवर १५ टक्के.

हप्त्याबद्दल माझ्यापेक्षा चांगले सांगणारे कुणी इथे असेल.

जुना_बँकवाला

मी सांगतो. मी कर्ज विभागातून निवृत्त झालो आहे आणि छोट्या कारखानदारांचे शेकडो ताळेबंद पाहिले आहेत. हप्त्यात दोन गोष्टी असतात, मुद्दल आणि व्याज. व्याज हा खर्च. मुद्दल म्हणजे घेतलेले पैसे परत करणे, तो खर्च नाही. कर्ज मिळाले तेव्हा ते १५ लाख तुम्ही उत्पन्न म्हणून दाखवले नव्हते, म्हणून परत करताना ते खर्चातही येत नाहीत. तुमच्या चार हप्त्यांत व्याज सुमारे साडेएक्कावन्न हजार आणि मुद्दल सुमारे साडेसत्त्याहत्तर हजार असेल.

आता ‘नफा दिसतो, पण पैसा दिसत नाही’ याचे उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. आम्ही बँकेत नफ्यात घसारा परत मिळवत असू, कारण घसारा लिहिताना खिशातून रुपयाही जात नाही, पैसे मशीन घेताना आधीच गेलेले असतात. ६ लाख ८० हजारांत १ लाख ४२ हजार ५०० मिळवा. ८ लाख २२ हजार ५०० हा तुमच्या धंद्याने खरोखर आणलेला पैसा. त्यातून मशीनसाठी स्वतःचे ४ लाख गेले, मुद्दल साडेसत्त्याहत्तर हजार गेले, आणि घरखर्चासाठी तुम्ही वर्षभरात सुमारे ३ लाख २० हजार उचलले असतील. उरतात २५ हजार. तुमची बँकशिल्लक तेवढीच वाढली आहे. गिऱ्हाइकांकडची उधारी आणि माल वर्षभरात फारसा बदललेला नाही, असे मी धरले आहे.

टर्निंगवाला

घरखर्चाचा आकडा तुम्ही अचूक सांगितलात. उधारीही जवळजवळ तेवढीच आहे. हा ताळा कुणीच मला असा मांडून दाखवला नव्हता.

एमकॉम_शेवटचे_वर्ष

मग एक मार्ग सुचवतो. दादांना पुढच्या वर्षी बँकेकडून सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा, वाढवून हवी असेल तर घसारा घेऊच नये. नफा जास्त दिसेल, आणि नको असलेल्या वर्षी न घेतलेला घसारा पुढे वापरता येईल.

खतावणी_ताई

तसे करता येत नाही. आयकरात घसारा मागितला काय आणि न मागितला काय, तो दिला गेला असेच धरले जाते आणि मशीनची शिल्लक किंमत तेवढी खाली येते. न घेतलेला घसारा कायमचा जातो.

जुना_बँकवाला

शिवाय बँकेतला माणूस घसारा परत मिळवूनच पाहतो, हे मी वर लिहिले आहे. घसारा लपवून त्याला फसवता येत नाही. उलट, मशीन आहे आणि घसारा नाही असे दिसले की तो कागद दुसऱ्यांदा तपासतो.

खतावणी_ताई

दादा, कराचा भाग झाला. पण मला वाटते, तुम्हाला घसाऱ्याचा खरा उपयोग भाव लावताना होणार आहे. आयकराचा १५ टक्के दर सर्वांसाठी एकच असतो, त्याला तुमचे मशीन ठाऊक नाही. दर ठरवण्यासाठी स्वतःच्या मशीनचा हिशेब वहीत वेगळा मांडा. हे मशीन तुमच्याकडे नीट माप किती वर्षे देईल आणि शेवटी विकले तर काय येईल?

टर्निंगवाला

एका पाळीत चालवले तर दहा वर्षे तरी अचूक काम देईल असे मला वाटते. नंतर कमी अचूक कामासाठी कुणीतरी ३ लाखांना घेईल. वर्षाला २५० दिवस, रोज ८ तास धरता येतील.

खतावणी_ताई

मग १९ लाखांतून ३ लाख वजा केले की १६ लाख उरतात, ते तुमच्या हातून झिजणार. दहा वर्षांचे २० हजार तास. तासाला ८० रुपये. तुमचा एखादा नेहमीचा बुश घ्या.

टर्निंगवाला

पितळी बुश, मशीनवर १२ मिनिटे लागतात. २४० रुपयांना देतो, माल गिऱ्हाइकाचा.

खतावणी_ताई

१२ मिनिटे म्हणजे तासाचा पाचवा भाग. त्या बुशात मशीनचे १६ रुपये आहेत. मजुरी, वीज, टूल, भाडे, व्याज हे सगळे त्याशिवाय.

आता सगळे १९ लाख पहिल्याच वर्षाच्या २ हजार तासांवर टाकले असते, तर तासाला ९५० रुपये आले असते आणि त्याच बुशात मशीनचे १९० रुपये झाले असते. २४० रुपयांत काम परवडत नाही असे समजून तुम्ही गिऱ्हाईक परत पाठवले असते. दुसऱ्या वर्षापासून मशीनचा खर्च शून्य दिसला असता.

हप्त्याला मशीनचा खर्च समजणारे तर पुष्कळ आहेत. वर्षाचे हप्ते साधारण ३ लाख ८७ हजार, म्हणजे तासाला १९३ रुपये, बुशामागे जवळपास ३९. पाच वर्षे भाव चढा, आणि कर्ज फिटले की एकदम खाली. माझ्या एका अशिलाने नेमके हेच केले. कर्ज फिटल्यावर त्याने ‘आता मशीन माझे झाले’ म्हणून भाव इतके उतरवले की शेजारच्या दोघांची कामे त्याच्याकडे आली. मशीन दिवसभर चालायचे आणि तो खूश होता. आठव्या वर्षी स्पिंडलचे माप सुटू लागले, नवे मशीन घ्यायची वेळ आली, आणि त्या तीन वर्षांत एकाही कामातून मशीनचा पैसा वसूल झालेला नव्हता. भाव पुन्हा वाढवायला गेला तेव्हा गिऱ्हाईक ऐकेना. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

सीएनसी_चिंचोली

ताईंचा हिशेब मला पटतो, पण दहा वर्षांशी मी सहमत नाही. माझे युनिट चिंचोलीला आहे. माझे मशीन नऊ वर्षांचे आहे आणि यांत्रिक दृष्ट्या ठणठणीत आहे, पण त्याच्या कंट्रोलरची कार्डे आता मिळत नाहीत. शिवाय नवे मशीन तेच काम निम्म्या वेळात करते, त्यामुळे माझ्या तासाला भावच मिळत नाही. मशीन झिजण्याआधी जुने होते. मी सात वर्षे धरतो.

खतावणी_ताई

हा मुद्दा योग्य आहे. मी झिजेचे उदाहरण दिले कारण ते डोळ्यांना दिसते, पण आयुष्य ठरवताना जे आधी संपेल ते धरावे. सात वर्षे आणि तेव्हाची विक्री किंमत ४ लाख ८० हजार धरली, तर १४ लाख २० हजार भागिले १४ हजार तास, म्हणजे तासाला सुमारे १०१ रुपये. बुशामागे १६ ऐवजी २०. यातले खरे कोणते, ते आज कुणीच सांगू शकत नाही. अंदाज दर दोन-तीन वर्षांनी तपासावा आणि चुकला असेल तर उरलेली रक्कम उरलेल्या वर्षांवर नव्याने वाटावी. झालेली वर्षे उकरू नयेत.

एक योगायोगही सांगते. आयकराच्या रीतीने पहिल्या वर्षी निम्मा आणि पुढे १५ टक्के असे दहा वर्षे घेतले, तर १९ लाखांपैकी सुमारे ४ लाख ७ हजार शिल्लक राहतात. दादांच्या ३ लाखांच्या अंदाजापासून ते फार दूर नाही. फरक वाटेत आहे. करात सुरुवातीची पूर्ण वर्षे जास्त खातात, वहीत सगळी सारखी.

टर्निंगवाला

दोन पाळ्या सुरू केल्या तर? सणासुदीच्या आधी तशी वेळ येते.

खतावणी_ताई

तुमच्या वहीत तास मोजत असाल तर काहीच बदलत नाही. वर्षाला ४ हजार तास झाले तर वर्षाचा घसारा ३ लाख २० हजार होईल आणि २० हजार तास पाच वर्षांत संपतील, पण तासाचे ८० रुपये तेच राहतील. म्हणून वर्षे मोजण्यापेक्षा मशीनच्या तासमापकावरचा आकडा दर महिन्याच्या शेवटी लिहून ठेवणे मला जास्त विश्वासाचे वाटते.

जुना_बँकवाला

ताईंच्या हिशेबात एक उणीव मला दिसते. दहा वर्षांनी हेच मशीन १८ लाखांना मिळणार नाही. ८० रुपयांनी तुम्ही जुन्या मशीनचे पैसे वसूल करता, नव्याचे नाही. शिवाय ते ८० रुपये कुठल्या डब्यात साठत नाहीत, ते हप्त्यात आणि घरखर्चात जातात. माझ्या मते भाव लावताना नव्या मशीनची आजची किंमत धरावी.

खतावणी_ताई

घसारा म्हणजे बाजूला ठेवलेला पैसा नव्हे, हे तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पण वाढीव किंमत घसाऱ्यात मिसळावी असे मला वाटत नाही. हिशेबाच्या वहीत जेवढे दिले तेवढेच वाटायचे, आणि पुढच्या मशीनसाठी हवा असलेला जास्तीचा पैसा नफ्यातून वेगळा ठेवायचा. दोन्ही मिसळले की कशाचे किती, हे कळेनासे होते.

जुना_बँकवाला

गिऱ्हाईक दोन्ही मिळून एकच भाव देते, ताई. इथे आपले एकमत होणार नाही.

टर्निंगवाला

मी आज सकाळी तासमापक पाहिला. २० नोव्हेंबरपासून आतापर्यंत ९१२ तास झाले आहेत. ८० रुपयांनी ७२ हजार ९६०, आणि सीएनसी_चिंचोली यांच्या सात वर्षांनी ९२ हजारांच्या वर. कालच एका पंपवाल्याने ६०० बुशांसाठी २१५ रुपये भाव विचारला होता. मशीनचे १६ रुपये, मजुरी, वीज, टूल आणि व्याज असे सगळे मांडल्यावर माझी १९८ रुपयांवर बरोबरी होते, आणि सात वर्षे धरली तर २०२ वर. मी त्यांना २२५ सांगितले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.